गेट व्हॉल्व्ह, बॉल व्हॉल्व्ह की अँगल कॉक : घरातलं पाणी बंद करायला कुठं काय बसवायचं

"काका, वरचा वॉल पार आवळला तरी खाली पाणी बंद होईना झालंय की ओ." बेळगावात नळकामाच्या सामानाच्या दुकानात तासभर बसलात तर हे वाक्य एकदा तरी कानावर पडतंच. आमच्याकडे बोलताना सगळ्यालाच 'वॉल' म्हणतात. घोळ तिथूनच सुरू होतो. जिथं बॉल व्हॉल्व्ह हवा तिथं गेट बसतो, जिथं एका नळापुरता अँगल कॉक हवा तिथं तो अख्ख्या न्हाणीच्या लाइनवर बसतो, आणि नळ बदलायची वेळ आली की टाकी रिकामी करण्याशिवाय मार्ग उरत नाही.

हा लेख एकाच कामापुरता आहे : सम्प आणि गच्चीवरची टाकी असलेल्या घरात पाण्याची लाइन खात्रीनं बंद करता येईल असा व्हॉल्व्ह निवडणं आणि बसवणं. उदाहरणाला वडगाव-शहापूर भागात दिसतं तसं घर घेतलंय. तळमजला, वर एक मजला, गच्चीवर मीटरभर उंच कट्ट्यावर हजार लिटरची टाकी आणि टाकीखाली वीस वर्षांपूर्वीचा एक इंची पितळी गेट व्हॉल्व्ह.

१. आधी पाणी कुठून कुठं जातं ते कागदावर काढा

घरात साधारण चार टप्पे असतात. रस्त्याच्या लाइनवरून मीटर आणि तिथून सम्प हा पहिला. सम्पातून पंपानं वरच्या टाकीत हा दुसरा. टाकीतून खाली प्रत्येक न्हाणी, संडास, स्वयंपाकघर हा तिसरा. भिंतीतून बाहेर येऊन एकेका नळाला, फ्लशच्या टाकीला, गीझरला हा चौथा. प्रत्येक टप्प्यावर पाण्याचा जोर वेगळा असतो आणि व्हॉल्व्ह फिरवायची वेळही वेगवेगळ्या अंतरानं येते.

कागदावर प्रत्येक जागेपुढं दोन गोष्टी लिहा : हा व्हॉल्व्ह वर्षातून किती वेळा फिरवणार, आणि इथं पाण्याला जोर किती. निम्मी निवड एवढ्यावरच होते.

जोर काढणं सोपं आहे. पाण्याची दहा मीटर उंची म्हणजे साधारण एक किलो दाब. आपल्या घरात वरच्या मजल्याच्या फरशीपासून गच्ची तीन मीटर आणि त्यावर कट्टा एक मीटर, म्हणजे टाकीचा तळ फरशीपासून चार मीटरवर. शॉवर फरशीपासून 2.1 मीटरवर असेल तर टाकी तळाला आली असताना शॉवरच्या वाट्याला जेमतेम 1.9 मीटर उंची उरते. हा 0.2 किलोसुद्धा दाब नाही. तळमजल्यावर त्यात आणखी तीन मीटरची भर पडते, तरी अर्ध्या किलोपर्यंतच जातो. इतक्या कमी जोरावर वाटेतली प्रत्येक अरुंद जागा शॉवरमध्ये जाणवते. वरच्या मजल्यावरचा शॉवर बारीक पडला की लोक शॉवर बदलतात. दोष बऱ्याचदा टाकीखालच्या किंवा भिंतीतल्या व्हॉल्व्हचा असतो.

> थांबा : मीटरच्या आधीचा कॉक पाणीपुरवठा खात्याच्या ताब्यातला असतो. तो स्वतः खोलू नका. तुमचं काम मीटरच्या पुढून सुरू होतं.

२. जुना व्हॉल्व्ह खरंच गळतोय का ते बघा

टाकीखालचा व्हॉल्व्ह बंद करा. वरच्या मजल्यावरचा एक आणि तळमजल्यावरचा सगळ्यात खालचा एक नळ पूर्ण उघडा. दोन्ही उघडायलाच हवेत. फक्त खालचा उघडलात तर पाइपात हवा शिरायला वाट मिळत नाही, पाणी आतच अडकून राहतं आणि अर्धा तास थेंब थेंब येत राहतं. व्हॉल्व्ह गळतोय असं वाटतं, पण ते आधीच पाइपात राहिलेलं पाणी असतं. टाकीखालच्या लाइनीत हवा शिरावी म्हणून उभी केलेली हवेची नळी नीट बसवलेल्या घरात हा घोटाळा कमी होतो.

पाइप रिकामा झाला की खालच्या नळाखाली तांब्या ठेवून पंधरा मिनिटं थांबा. एक थेंबही नाही आला तर व्हॉल्व्ह शाबूत आहे. पेलाभर जमलं तरी आट्यांचा नळ बदलण्यापुरतं काम चालून जाईल, पण पाइप चिकटवायचा असेल तर चालणार नाही, कारण ओल्या जोडात पाइप चिकटवायचं सॉल्व्हंट सिमेंट धरत नाही. बारीक धार चालूच राहिली तर व्हॉल्व्ह गेला.

गेट व्हॉल्व्ह असा का जातो, हे कळलं की पुढची निवड आपोआप होते. त्याच्या आत पाचरीसारखा एक तुकडा असतो. चाक फिरवलं की तो वरून खाली उतरतो आणि दोन बैठकांच्या मधल्या खोबणीत बसतो. ही खोबण तळाला असते आणि गाळही तळालाच बसतो. शहरात राकसकोप आणि हिडकलचं पाणी येतं. पावसाळ्यात त्यात थोडा गाळ येतो. शिवाय पाणी रोज येत नाही तिथं रिकाम्या लाइनीत पहिलं पाणी सुटतं तेव्हा पाइपातला गंज ढवळून घेऊनच येतं. चिकोडी-अथणीकडं बोअरचं जड पाणी असेल तर खोबणीत पांढरा थर धरतो. वीस वर्षं कुणी हात न लावलेला गेट व्हॉल्व्ह बंद करायला गेलात की पाचर त्या थरावर टेकून थांबते. चाक आवळलेलं असतं, खाली फट उरलेली असते.

म्हणून बदलायच्या आधी एकदा ही युक्ती करून बघा. खालचा मोठा नळ पूर्ण उघडा ठेवून व्हॉल्व्ह जवळजवळ बंद करा, मग पुन्हा उघडा. पाच-सहा वेळा करा. अरुंद फटीतून पाणी जोरात जातं आणि गाळ वाहून नेतं. मऊ गाळ असेल तर व्हॉल्व्ह पुन्हा बंद व्हायला लागतो. चुनखडीचा थर असेल तर काही होत नाही. पण आधी खालच्या नळांच्या तोंडाच्या जाळ्या काढून ठेवा, नाहीतर सगळा कचरा तिथं जाऊन बसेल.

> थांबा : चाक अडलं तर पाइप पाना लावून ताकद करू नका. दांडा पिळून तुटतो, आणि पाचर खाली असताना तुटला तर घराचं पाणीच बंद. चाक नुसतंच फिरत राहत असेल आणि पाण्यावर काही परिणाम होत नसेल, तर पाचर दांड्यापासून सुटली आहे. मग तो बदलायलाच हवा.

चाकाखाली दांड्याजवळून पाणी झिरपत असेल तर ते वेगळं दुखणं आहे. तिथला ग्लँड नट पाव फेरा आवळा, बहुतेक वेळा थांबतं. एवढ्यासाठी नवा व्हॉल्व्ह आणू नका.

३. जागेप्रमाणे निवड

*टाकीखाली.* इथं पूर्ण भोकाचा बॉल व्हॉल्व्ह बसवा. यात भोक पाडलेला गोळा असतो. दांडी पाव फेरा फिरली की भोक पाइपाला आडवं होतं आणि पाणी थांबतं. गाळ साचायला तळाला खोबण नसते आणि फिरताना गोळा बैठकीवरून पुसला जातो. दांडी पाइपाच्या रेषेत असेल तर उघडा, आडवी असेल तर बंद, हे घरातल्या म्हातारीलाही गच्चीच्या दारातून दिसतं. गेट व्हॉल्व्ह बघून तो उघडा की बंद हे सांगता येत नाही.

'पूर्ण भोक' हे शब्द मात्र दुकानात उच्चारायलाच हवेत. स्वस्त बॉल व्हॉल्व्हमध्ये गोळ्याचं भोक पाइपापेक्षा एक माप लहान असतं, म्हणजे बाहेरून एक इंची आणि आतून पाऊण. पंपाच्या जोरावर ते चालून जातं, पण आपल्या 1.9 मीटरवर शॉवरला फरक पडतो. तपासायला काही लागत नाही. व्हॉल्व्ह उघडा करून उजेडाकडं धरा. आत कडा दिसली तर भोक लहान आहे.

*सम्पापासून वर टाकीपर्यंत.* गेट व्हॉल्व्हला अजून इथं जागा आहे. पंप चालू असताना कुणी बॉल व्हॉल्व्हची दांडी झटकन फिरवली तर चाललेलं पाणी जागीच थांबतं आणि पाइपात दणका बसतो. गेटला चार-सहा फेरे लागतात, तो आपोआप हळू बंद होतो. दीड-दोन इंची लाइनवर, शेतातल्या बोअरवर तर गेटच बरा. घरात बॉल बसवायचा असेल तर पंप बंद केल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही हे घरच्यांना सांगून ठेवा. गेट बसवताना चाक वर किंवा बाजूला ठेवा, खाली तोंड करून नको. तसं केलं तर गाळ टोपणात उतरतो.

पाण्याचा जोर कमी करायला गेट किंवा बॉल अर्धवट उघडा ठेवायची सवय इकडं फार आहे. दोघांनाही ती सोसत नाही. गेटची पाचर थरथरून झिजते, बॉलची मऊ बैठक एका बाजूला दबते आणि पुढं तो पूर्ण बंद होत नाही. हे दोन्ही पूर्ण उघडे किंवा पूर्ण बंद ठेवायचे.

*प्रत्येक न्हाणीसाठी.* न्हाणीत शिरणाऱ्या लाइनवर एक स्वतंत्र व्हॉल्व्ह असावा. भिंतीतला मिक्सर आणि साधे नळ थेट भिंतीत बसतात, त्यांना अँगल कॉक नसतो. हा व्हॉल्व्ह नसेल तर एक नळ बदलायला अख्खं घर कोरडं राहतं. इथंही बॉल व्हॉल्व्ह घ्या, पण हात पोचेल अशा जागी. फरशीमागं पुरलेला बॉल व्हॉल्व्ह बिघडला तर फरशी फोडावी लागते. भिंतीतच हवा असेल तर भिंत न फोडता आतला भाग बदलता येतो असा कन्सिल्ड स्टॉप कॉक घ्या. त्यात पाण्याला थोडा अडथळा होतो, तेवढं सोसावं लागतं.

*एकेका उपकरणाला.* बेसिन, फ्लशची टाकी, गीझरचं थंड पाणी, वॉशिंग मशीन यांना अँगल कॉक. त्याचं काम एवढंच : भिंतीतून आलेलं पाणी नव्वद अंशांत वळवून जोडनळीला देणं आणि त्या एका उपकरणापुरतं बंद करणं. आतली वाट अरुंद असते आणि पाणी वळून जातं, त्यामुळं फ्लशची टाकी भरायला तो उत्तम आणि शॉवरच्या लाइनवर वाईट. मिस्त्रीकडं शिल्लक आहे म्हणून तो न्हाणीच्या मुख्य लाइनवर बसवू देऊ नका.

संडासातल्या जेटला टू-वे अँगल कॉक बसवतात. त्याची नळी कायम दाबाखाली राहिली की कधीतरी रात्री फुटते आणि सकाळी टाकी रिकामी सापडते. प्रेशर पंप असलेल्या घरात तर नक्कीच. हा कॉक रात्री बंद करायचा.

> थांबा : गीझर आणि त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह यांच्या मधे कोणताही कॉक बसवू नका. तापलेलं पाणी फुगतं आणि त्याला बाहेर पडायची ती एकच वाट असते. अँगल कॉक सेफ्टी व्हॉल्व्हच्या आधी, थंड पाण्याच्या बाजूला.

४. दुकानात मागताना

'बॉल कॉक द्या' म्हणालात तर टाकीत तरंगणाऱ्या फुग्याचा कॉक मिळेल. तो टाकी भरली की पाणी थांबवतो, लाइन बंद करत नाही. 'बॉल व्हॉल्व्ह, फुल बोअर, एक इंची' असं पूर्ण मागा.

गच्चीवर ऊन लागतं. तिथं प्लास्टिकच्या व्हॉल्व्हची दांडी काही वर्षांत ठिसूळ होऊन हातात येते, म्हणून पितळी घ्या. खिशात एक लहान लोहचुंबक ठेवा आणि गोळ्याला लावा. चिकटला तर आत लोखंडी गोळ्यावर मुलामा दिलाय, जड पाण्यात तो गंजून बैठक कापेल. शिक्क्यांचं म्हणाल तर गेटसाठी IS 778 आणि बॉलसाठी IS 9890 ही भारतीय मानकं आहेत, खोक्यावर शोधा. गरम पाण्याच्या लाइनवर सीपीव्हीसी किंवा पितळ. पांढरा यूपीव्हीसी व्हॉल्व्ह फक्त थंड पाण्याला.

सोबत एक युनियन, म्हणजे पाइप न फिरवता सोडवता येणारा जोड, शिवाय दोन छोटे निपल आणि टेफ्लॉन टेपची दोन रिळं घ्या. युनियन विसरणारे फार.

५. टाकीखालचा व्हॉल्व्ह बदलणं

दिवस निवडून काम काढा. टाकी तळाला आलेली हवी, सम्प भरलेला हवा आणि हाताशी चार बादल्या पाणी. सीपीव्हीसीचे जोड चिकटवणार असाल तर पाणी चढवायच्या आधी एक अख्खा दिवस द्या. डब्यावर कमी वेळ लिहिलेला असला तरी गच्चीवरच्या लाइनीला घाई कशाला करायची? पंपाचा स्विच बंद करा आणि त्यावर चिकटपट्टी लावा. कुणीतरी सवयीनं चालू करतंच.

क्रम टाकीपासून असा ठेवा : टँक निपल, छोटा निपल, बॉल व्हॉल्व्ह, युनियन, मग हवेच्या नळीचा टी आणि खाली जाणारा पाइप. इथं सगळ्यात जास्त चूक होते ती युनियनच्या जागेची. युनियन टाकी आणि व्हॉल्व्ह यांच्या मधे आलं तर ते खोलताच टाकी गच्चीवर रिकामी होते. व्हॉल्व्हच्या पुढं असलं की टाकी भरलेली असतानाही खालची लाइन सोडवता येते.

हवेची नळी व्हॉल्व्हच्या पुढच्या बाजूनं उभी न्या, तिचं तोंड टाकीच्या वरच्या कडेच्याही वर ठेवा आणि वाकवून खाली वळवा. कमी उंच ठेवली तर टाकी भरल्यावर त्यातून पाणी सांडत राहतं.

जुना व्हॉल्व्ह सोडवताना दोन पाने लागतात. एक टँक निपलला धरून ठेवायला, दुसरा व्हॉल्व्ह फिरवायला. एकाच पान्यानं जोर लावलात तर टँक निपल टाकीच्या भिंतीत फिरतो, रबर सरकतं आणि एका गळतीच्या दोन होतात. जुना जीआय पाइप असेल तर आट्या गंजून पातळ झालेल्या असतात. निपल अर्धवट तुटून आत राहिला तर पाइपाचा तेवढा तुकडा कापून बदला, त्यावर नव्या व्हॉल्व्हचं वजन टाकू नका.

टेप आट्यांच्या दिशेनं, ताणून, दहा-बारा वेढे. आटीचं तोंड तुमच्याकडं धरलंत तर घड्याळाच्या काट्याप्रमाणे. उलट गुंडाळलेला टेप आवळताना सुटून येतो. नवा व्हॉल्व्ह आवळताना पाना पाइपाच्या बाजूच्या षटकोनावर लावा, दूरच्या नको. बॉल व्हॉल्व्ह दोन भागांचा जोडलेला असतो, दूरचं टोक पकडून पिळलंत तर तो मधेच सुटतो. दांडी फिरायला भिंतीपासून पुरेशी जागा आहे ना हे शेवटचा फेरा आवळायच्या आधी बघा, नंतर नाही.

सीपीव्हीसीचा चिकटवायचा व्हॉल्व्ह असेल तर तो उघडा ठेवून चिकटवा आणि सिमेंट पातळ लावा. जास्तीचं सिमेंट गोळ्यावर ओघळलं तर व्हॉल्व्ह कायमचा त्याच जागी चिकटतो. पितळ आणि सीपीव्हीसी जोडताना पितळी आटी बसवलेला जोड वापरा. प्लास्टिकच्या आतल्या आटीत पितळी निपल आवळला तर आज नाही तर सहा महिन्यांनी तडा जातो.

> तपासा : टाकीत आधी बादलीभरच पाणी घ्या. प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद फिरवा. डोळ्याला न दिसणारा ओलावा कागदावर लगेच उमटतो. मग टाकी भरा आणि वर दुसऱ्या भागात सांगितलेली तांब्या ठेवून करायची चाचणी पुन्हा करा. नव्या बॉल व्हॉल्व्हला पंधरा मिनिटांत एक थेंबही येता कामा नये.

६. अँगल कॉक बसवणं

आधी भिंतीतल्या आटीला बादली लावून लाइन मिनिटभर मोकळी वाहू द्या. नव्या घरात तर वाळू, टेपचे तुकडे, सिमेंटचे कण सगळं बाहेर येतं. आजकालच्या कॉकमध्ये सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर फिरतात. वाळूचा एक कण मधे गेला की चरा पडतो आणि नवाकोरा कॉक टिपकायला लागतो. मग दोष कंपनीला.

टेप न लावता कॉक हातानं एकदा फिरवून बघा. किती फेरे आत जातो आणि तोंड कुठं थांबतं ते कळतं. दोनच फेरे जात असेल तर फरशीची जाडी आटी खातेय, मधे एक्स्टेन्शन निपल टाका. टेप लावून बसवताना तोंड खाली यायच्या थोडं आधी घट्टपणा लागायला हवा, म्हणजे शेवटचा पाव-अर्धा फेरा आवळत तोंड जागेवर आणता येतं. पुढं गेलं म्हणून मागं फिरवू नका. मागं फिरवलेली टेप गळते. कॉक काढा, टेप पुसा, नव्यानं गुंडाळा.

जोडनळी लावायच्या आधी कॉक बादलीत दोनदा उघडा-बंद करा. नळीच्या टोकात रबरी वॉशर आहे ना ते बोटानं चाचपा. तिथं टेप लागत नाही, वॉशरच पाणी धरतो. हातानं घट्ट आणि वर पान्यानं पाव फेरा. त्याहून जास्त आवळलं तर वॉशर कापला जातो.

७. दर तीन महिन्यांनी

टाकी धुताना सगळे व्हॉल्व्ह दोन-तीन वेळा पूर्ण बंद-उघड करा. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या घरात हे चुकवू नका. गोळ्यावर चुनखडी धरली की पहिल्यांदा दांडी जड लागते, तेव्हाच हलवत राहिलात तर सुटते. गेट पूर्ण उघडल्यावर अर्धा फेरा मागं घ्या. चाक शेवटाला अडकून बसत नाही आणि पुढच्या माणसाला ते कुठल्या बाजूला फिरतं हे कळतं.

प्रत्येक व्हॉल्व्हजवळ ऑइल पेंटनं लिहून ठेवा : 'वरची न्हाणी', 'स्वयंपाकघर', 'पूर्ण घर'. मराठीत लिहा, कन्नडमध्ये लिहा, घरी येणारा मिस्त्री जे वाचतो त्यात लिहा. रात्री नळी फुटल्यावर टॉर्च घेऊन गच्चीवर उभ्या असलेल्या पोराला कोणती दांडी फिरवायची हे तिथंच वाचता आलं पाहिजे.